ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची: फ्रेंच ‘यू’बद्दलची प्रश्नोत्तरे

फ्रेंच शिकायला लागून सहा महिने झाले. ‘तू’ आणि ‘सगळं’ हे दोन शब्द मॅडम वेगळे म्हणतात म्हणे. मला दोन्ही ‘तू’च ऐकू येतात. कानात दोष आहे का? – पुणे

कान ठीक आहे, फक्त तो मराठी आहे. आपल्या भाषेत जे स्वर ओठ गोल करून म्हणतात ते सगळे जीभ मागे नेऊन म्हणायचे असतात: उ, ऊ, ओ, ऑ. जीभ पुढे असते ते स्वर ओठ पसरून किंवा सैल ठेवून: इ, ई, ए, ॲ. त्यामुळे गोल ओठांचा स्वर कानावर पडला की आपला कान तो थेट ‘ऊ’च्या खणात टाकून मोकळा होतो. फ्रेंचमध्ये मात्र जीभ ‘ई’च्या जागी आणि ओठ ‘ऊ’सारखे, असा तिसरा स्वर आहे. एकटं ‘यू’ हे अक्षर दिसलं की बहुतेक वेळा हाच स्वर. ‘ओ-यू’ ही जोडी दिसली की आपला ओळखीचा ‘ऊ’.

देवनागरीत त्याला चिन्ह नाही, म्हणून इथे मी ‘ई’पुढे एक छोटं वर्तुळ काढते: ई°. वर्तुळ म्हणजे गोल ओठ. आता तुमचे दोन शब्द असे दिसतील: ‘तू’ या अर्थाचा शब्द ती°, आणि ‘सगळं’ या अर्थाचा तू. मराठी माणसाची पंचाईत इथेच होते, कारण आपलं ‘तू’ आणि फ्रेंचांचं ती° मुळात एकाच घरचे. लॅटिनमध्येही ते ‘तू’च होतं. इटालियन आणि स्पॅनिशने तो ऊ जपला, फ्रेंचची जीभ तेवढी पुढे सरकली. चंद्र लॅटिनमध्ये ‘लूना’, इटालियन-स्पॅनिशमध्येही ‘लूना’, फ्रेंचमध्ये ली°न.

फरक ऐकायचा असेल तर आवाज काढूच नका, कुजबुजा. आधी ई, मग ऊ. कुजबुजीत गळ्याचा सूर नसतो, तोंडाच्या पोकळीचा तेवढा ऐकू येतो. ई वरच्या पट्टीत सळसळते, ऊ खालच्या पट्टीत घुमतो. आता मॅडमना ती° आणि तू हे शब्द कुजबुजून म्हणायला सांगा. ती°ची सळसळ ईच्या बरीच जवळ, किंचित खाली येईल. तू एकदम तळाला जाईल. ज्यांना बोलण्यातला फरक सहा महिने सापडला नव्हता त्यांना कुजबुजीत तो दहा मिनिटांत सापडलेला मी पाहिला आहे.

‘ई म्हणा आणि ओठ गोल करा’ हे पुस्तकात वाचलं. पण ओठ गोल केले की जीभ आपोआप मागे पळते आणि ‘ऊ’च निघतो. – नाशिक

ती पळणारच. जन्मापासून ओठ आणि जीभ एकाच दोरीला बांधलेली आहेत, ती दोरी सोडवायची आहे. म्हणून सुरुवातीला ओठांना काही करू देऊ नका, ते काम बोटांवर सोपवा.

आरशासमोर बसा आणि लांब ‘ईईई’ धरा. दोन गोष्टी नीट जाणवू द्या: जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकलेलं आहे, आणि जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना चिकटल्या आहेत. कडा जाणवत नसतील तर त्याच स्थितीत तोंडाने श्वास आत ओढा, हवा जिभेच्या मधल्या पन्हळीतून गार लागेल. ही दाढांची पकड म्हणजे तुमचा पहारेकरी. आता ‘ईईई’ चालू ठेवून अंगठा आणि तर्जनीने ओठांचे दोन्ही कोपरे पुढे ढकला, लहान मुलाचे गाल दाबून चंबू करतात तसे. मधलं भोक पेन्सिल जाईल एवढंच राहू द्या. मनात मात्र ‘ई’च म्हणत राहा, ‘ऊ’चा विचारही नको. आवाज आपोआप बदलेल आणि काहीतरी परकं, शिट्टीच्या अंगाचं ऐकू येईल. तेच हवं आहे. ओळखीचा ‘ऊ’ ऐकू आला तर जिभेने दाढा सोडल्या असं समजा आणि पुन्हा ‘ई’पासून सुरू करा.

बोटांनी जमलं की बोटं काढून ओठांनाच तिथे राहू द्या. मग शब्द. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि बरेच जण इथेच चुकतात: पहिल्याच दिवशी ‘रस्ता’ या अर्थाचा री° घेऊन बसतात. फ्रेंच र घशातला, तो जिभेला मागे ओढतो, म्हणजे सगळ्यात अवघड शब्द आधी. त, द, स, न यांच्यापासून सुरुवात करा, कारण जिभेचं टोक दातांशीच असतं. त-दच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत: फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, इंग्रजी वळणाचे ट-ड नव्हेत. मग प, ब, म, व, आणि घशातला र सगळ्यात शेवटी.

माझ्या विद्यार्थ्यांना मी दोनच वाक्यखंड देते. पहिला ‘सी ती° दी’, म्हणजे ‘तू म्हणालास तर’. तिन्ही अक्षरांत जीभ एकाच जागी, हलतात फक्त ओठ: पसरले, गोल झाले, पसरले. दुसरा ‘पा दी° तू’, म्हणजे ‘अजिबात नाही’. हा तुम्हाला रोजच लागेल. यात दी° पासून तू पर्यंत ओठ अजिबात हलायचे नाहीत, फक्त जीभ मागे सरकायची. ओठांवर बोट ठेवून म्हणा. बोटाला हालचाल जाणवली तर काहीतरी गफलत आहे. आपला ऊ तसा सैल ओठांनी निघतो, फ्रेंच ऊला ओठ चांगले पुढे काढावे लागतात, म्हणून शेवटच्या तूवर ओठ सोडून देण्याचा मोह होतो.

एक चूक मात्र ‘ऊ’कडे जात नाही, तरी महागात पडते. ओठ बरोबर गोल होतात, पण जीभ ईवरून घसरून एवर येते. फ्रेंचमध्ये तोही वेगळा स्वर आहे, ए° म्हणू या. नवीन असताना मी तिथल्या एका बेकरीत ‘दी° पँ’, म्हणजे ‘थोडा पाव’ मागितला. बाईंनी शांतपणे दोन लांबलचक पाव कागदात गुंडाळून हातात दिले. मी म्हटलं होतं ‘दे° पँ’, दोन पाव. एकटीने ते तीन दिवस खाल्ले. दाढांची पकड तपासायची सवय त्यानंतर लागली.

मी ‘त्यू’, ‘व्यू’ असं म्हणते. मेन्यू, देब्युसी, ह्यूगो असंच तर आपण लिहितो. चालेल ना? – ठाणे

लिहायला चालेल, बोलायला नाही. ‘यू’मध्ये तुम्ही ईच्या जागेवरून निघून ऊच्या जागी पोचता, म्हणजे दोन स्वर एकामागून एक. ई°मध्ये दोन्ही एकाच वेळी असतात आणि कुठे जायचं नसतं. तपासणी सोपी आहे: ‘मेन्यू’चा शेवट पाच सेकंद ताणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ‘यूऊऊऊ’ असं ऐकू आलं, म्हणजे ताणला गेला तो शेवटचा ऊ, तर चुकलं. म‑नी°‑ई°‑ई°‑ई° असं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ऐकू आलं तर बरोबर. ऐकणाऱ्या फ्रेंच माणसाला ‘त्यू’ बहुधा समजेल, पण ‘वरती’ आणि ‘खालती’ हे शब्द आले की गोंधळ ठरलेला. वरती म्हणजे दसी°, खालती म्हणजे दसू. तुमचं ‘दस्यू’ यातलं कुठलं, ते त्याने कसं ठरवायचं?

आम्ही मॉरिशसचे मराठी. घरी क्रेओल बोलतो. शाळेत फ्रेंच वाचताना मुलगा रस्त्याला ‘री’च म्हणतो. वरच्या सगळ्या सूचना त्यालाही लागू का? – मॉरिशस

नाही, तुमच्या मुलाची चूक नेमकी उलटी आहे. तुमची क्रेओल फ्रेंचमधूनच घडली, पण तिने फ्रेंच ई°मधलं वर्तुळ काढून टाकलं: रस्ता ‘लारी’, चंद्र ‘लालिन’, आणि तांदूळ ‘दिरी’, म्हणजे मूळचं फ्रेंच ‘दी° री’. म्हणजे जीभ फ्रेंचांच्या जागेवरच राहिली, ओठ तेवढे पसरले. त्याला जिभेचा व्यायाम देऊ नका, जीभ बिघडेल. फक्त ओठ पुढे हवेत. तांदूळ फ्रेंचमध्ये री, रस्ता री°. आरशासमोर री, री°, री, री° असं म्हणायला लावा आणि दुसऱ्या वेळी ओठ पुढे आले की नाही एवढंच पाहा. पुण्या-नाशिकच्या मुलांना जे महिनाभर लागतं ते त्याला आठवड्यात जमेल असा माझा अंदाज आहे. घशातला र त्याला अडवेल असंही वाटत नाही.

आता ई° जमतो, पण इतका की सगळीकडे तोच येतो. परवा ‘खूप आभार’ म्हणाले आणि समोरचे दोघे हसायला लागले. – पणजी

हसतीलच! ‘मेर्सी बोकू’चं तुम्ही ‘मेर्सी बोकी°’ केलंत. त्यातल्या ‘बो की°’चा अर्थ होतो ‘सुंदर पार्श्वभाग’, आणि तोही जरा असभ्य शब्दात. नवीन स्वर शिकला की काही दिवस हे होतंच. ‘क’नंतर तर हमखास.

यावर उपाय स्पेलिंगकडे बघण्याचा. ‘ओ’ आधी असेल तर ऊ, मग कितीही फ्रेंच वाटलं तरी. ‘क्यू’ आणि ‘जी’नंतरचं यू बहुतेक वेळा मुकं असतं, त्याला स्वरच नाही. ‘ए-यू’ असेल तर ओ, ‘ई-यू’ असेल तर ए°. या शेवटच्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो रोजच्या बोलण्यातला: ‘माझ्याकडे होतं, मला मिळालं’ या अर्थाचं ‘झे ई°’. तिथे ई-यू लिहिलेलं असलं तरी म्हणायचा तो निखळ ई°. आणि इंग्रजी ओळखीचा शब्द दिसला म्हणून बेसावध राहू नका. ‘बस’ फ्रेंचमध्ये बी°स आहे, आणि ‘पुल’ हा स्वेटर पी°ल. त्याला ‘पूल’ म्हणालात तर दुकानदाराला वाटेल तुम्ही कोंबडी मागताय.