अंधारातल्या शूटिंगचा नॉइज काढताना चेहरा मेणाचा का होतो

प्रश्न: एका दिव्याच्या उजेडात मुलाखत शूट केली आहे, आयएसओ ६४००, ८ बिट. मागच्या भिंतीवर जांभळे-हिरवे डाग वळवळतात आणि सगळीकडे दाणे दिसतात. रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की भिंत छान होते, पण चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. कमी लावलं की डाग परत येतात. मधला आकडा कोणता?

उत्तर:

मधला आकडा शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण तुम्ही दोन वेगळ्या दुखण्यांना एकाच स्लायडरने औषध देताय. भिंतीवरचे डाग हा रंगाचा नॉइज आहे, दाणे हा उजेडाचा. रिझॉल्व्हमध्ये उजेडासाठी `Luma` आणि रंगासाठी `Chroma` हे दोन थ्रेशोल्ड मुळात एकमेकांना जोडलेले असतात. डाग जावेत म्हणून तुम्ही आकडा वाढवता आणि त्याच्यासोबत ल्यूमाही वाढतो. त्वचेची छिद्रं, बारीक लव, डोळ्यांखालच्या रेषा हे सगळं ल्यूमामध्येच असतं आणि कमी उजेडात त्याची ताकद जवळपास नॉइजएवढीच असते. सॉफ्टवेअरला दाणा कुठला आणि छिद्र कुठलं हे एका फ्रेमवरून कळत नाही, मग ते दोन्ही पुसतं.

म्हणून पहिलं काम, दोन्हींमधली साखळी तोडा. त्यानंतर ल्यूमा आणि क्रोमाला वेगवेगळी वागणूक द्यायची.

ल्यूमासाठी फक्त टेम्पोरल वापरा. टेम्पोरल आजूबाजूच्या फ्रेम्सची सरासरी काढतं. छिद्र प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी असतं, दाणा दर फ्रेमला बदलतो, त्यामुळे सरासरीत दाणा विरतो आणि छिद्र टिकतं. हिशोबाने चार फ्रेम्सच्या सरासरीत नॉइज निम्मा व्हायला हवा. कॉम्प्रेस झालेल्या फाइलमध्ये एवढा फायदा मिळत नाही, कारण कोडेकने काही दाणे पुढच्या फ्रेममध्ये तसेच उचलून नेलेले असतात. स्पेशियल मात्र एकाच फ्रेममध्ये शेजारच्या पिक्सेलांशी तुलना करून गुळगुळीत करतं. मेण तिथून येतं, म्हणून स्पेशियलचा ल्यूमा शून्यावर ठेवा.

तुमच्या शॉटसाठी मी इथून सुरुवात करेन: पहिल्याच नोडवर, म्हणजे उजेड वाढवण्याच्या आधी, टेम्पोरल ३ फ्रेम्स, मोशन एस्टिमेशन `Better`, ल्यूमा आणि क्रोमा दोन्ही १२ च्या आसपास. स्पेशियलमध्ये ल्यूमा ०, क्रोमा २५, रेडियस `Medium`. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत, तुमच्या फुटेजवर वरखाली होतील. रेडियसकडे मात्र लक्ष द्या. रंगाचे डाग दाण्यापेक्षा बरेच मोठे असतात, कारण अशा बहुतेक फाइलमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या पाव रिझोल्यूशनमध्ये साठवलेली असते. `Small` वर ठेवून थ्रेशोल्ड कितीही वाढवला तरी मोठा डाग हलत नाही, आणि लोक तिथेच अडकतात.

क्रोमाला मोकळं रान आहे असंही समजू नका. चेहऱ्यावर गाल थोडे लालसर, कपाळ पिवळसर, ओठ वेगळे असे फरक असतात. क्रोमा फार घासला की हे फरक जातात आणि चेहरा एका रंगात रंगवल्यासारखा दिसतो. छिद्रं शाबूत असूनही तो मेणासारखा वाटतो. कळायचं कसं? ओठांची कड बघा. ओठांचा रंग बाहेरच्या त्वचेवर सांडायला लागला की पाच-सात पायऱ्या मागे या.

राहिलेले डाग पुसत बसण्यापेक्षा त्यांचा रंग काढून घ्या. कर्व्हमध्ये `Lum Vs Sat` उघडा आणि अगदी काळ्या टोकाचं सॅच्युरेशन खाली ओढा. भिंतीच्या अंधारातले जांभळे-हिरवे डाग राखाडी होतात, आणि राखाडी डाग कोणाच्या नजरेत भरत नाहीत. यात काहीच ब्लर होत नाही, त्यामुळे माझ्या मते अंधाऱ्या शॉटमध्ये हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. फक्त कर्व्हचा उतार हळुवार ठेवा, नाहीतर चेहऱ्याची सावलीतली बाजू आजारी माणसासारखी करडी पडते.

टेम्पोरलचा त्रास हालचालीत दिसतो. माणूस बोलत असताना ओठांमागे पुसटशी सावली राहत असेल, किंवा मान वळवताना केसांची कड विरघळत असेल, तर `Motion` चा आकडा ५० वरून ३५-४० पर्यंत खाली आणा. आकडा कमी केला की हलणारा जास्त भाग सरासरीतून वगळला जातो. हलत्या भागात थोडा दाणा राहील, राहू द्या. हलणाऱ्या गोष्टीवरचा दाणा डोळ्याला खुपत नाही.

तपासणी पॉज करून करू नका. थांबलेल्या फ्रेममध्ये नॉइज आहे त्यापेक्षा भयंकर दिसतो आणि हात सैल सुटतो. १०० टक्क्यांवर क्लिप चालवून बघा. मग हायलाइटमधला `A/B Difference` लावा. नोडने काय काढलं तेवढंच त्यात दिसतं. ते अगदी मंद असतं, त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर अंधार करून बघा. नुसता भुसा दिसला तर ठीक. त्यात भुवया, पापण्या, नाकाची कड ओळखू यायला लागली तर तुम्ही चेहराच पुसताय, ल्यूमा कमी करा.

इतकं करूनही चेहरा जरा जास्तच साफ वाटला तर थ्रेशोल्डशी खेळू नका. त्या नोडच्या `Key Output` चा गेन १ वरून ०.७ करा. मूळ चित्र तीस टक्के परत मिसळतं आणि त्वचेला पोत येतो.

सगळ्यात शेवटी, ग्रेड झाल्यावर, हलका ग्रेन घाला. हे शोभेसाठी नाही. ८ बिटमध्ये अंधाऱ्या भिंतीवरचे उजेडाचे टप्पे मोजकेच असतात. नॉइज होता तोवर ते झाकलेले होते, तो गेला की भिंतीवर पट्टे उमटतात. बारीक ग्रेन ते मोडतो. एक्सपोर्टला बिटरेट कंजूषपणे दिलात तर एन्कोडर हा ग्रेन खाऊन चौकोन सोडेल, तेव्हा तिथे हात आखडू नका.

रिझॉल्व्हच्या फुकटच्या आवृत्तीत हे नॉइज रिडक्शन नाही, पण तोच विचार एफएफएमपेगमध्ये करता येतो:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "hqdn3d=1:6:3:9,noise=c0s=4:c0f=t" -c:v libx264 -crf 17 -tune grain -c:a copy out.mp4
```

`hqdn3d` चे चार आकडे अनुक्रमे ल्यूमा स्पेशियल, क्रोमा स्पेशियल, ल्यूमा टेम्पोरल, क्रोमा टेम्पोरल. पहिल्या जागी ० टाकू नका, तो "बंद" असं न समजता डिफॉल्ट ४ धरतो आणि चेहरा परत मेणाचा होतो. `noise` मधला `c0` फक्त ल्यूमावर ग्रेन घालतो, म्हणजे काढलेला रंगाचा कचरा परत येत नाही. `hqdn3d` ला हालचाल नीट कळत नाही, त्यामुळे बसून बोलणाऱ्या माणसाला चालतो, नाचणाऱ्याला नाही.

आणि हे सगळं करण्याआधी मूळ क्लिप २०० टक्क्यांवर उघडून गाल एकदा बघा. कॅमेऱ्याच्या आतलं नॉइज रिडक्शन चालू असेल तर छिद्रं रेकॉर्ड होतानाच गेलेली असतात. तिथे ल्यूमाला हातच लावू नका, फक्त क्रोमा साफ करा आणि ग्रेन नेहमीपेक्षा थोडा जास्त घाला.