भरलेली ढोबळी मिरची ओव्हनमध्ये भाजताना

प्रश्न: भरलेली ढोबळी मिरची ओव्हनमध्ये किती तापमानाला, किती वेळ भाजावी? माझ्या मिरच्या दरवेळी खाली बसतात. टोमॅटोचेही तसेच करायचे का?

उत्तर: आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 190 अंश सेल्सिअसला मध्यम आकाराच्या मिरच्या 25 ते 30 मिनिटे आणि घट्ट टोमॅटो 180 अंशांना 15 ते 20 मिनिटे भाजावेत. मिरची खाली बसते ती बहुधा सारणामुळे: सारण कच्चे किंवा ओलसर असेल तर ते शिजेपर्यंत मिरची ओव्हनमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ राहते, आतल्या वाफेने तिची भिंत मऊ पडते आणि मग सारणाचा भार तिला पेलवत नाही. म्हणून बटाट्याची भाजी किंवा परतलेले बेसन असे पूर्ण शिजलेले, कोरडे सारण घ्यावे, ते दाबून न भरता हलक्या हाताने भरावे, आणि मिरच्या खोलगट भांड्यात एकमेकींना टेकवून उभ्या ठेवाव्यात. बूड सपाट करण्यासाठी अगदी पातळ चकती कापली तरी चालते, पण भोक पडले की रस गळतो. भांडे झाकू नये. झाकणाखाली मिरची भाजण्याऐवजी वाफवली जाते. सालीवर सुरकुत्या व दोन-चार काळसर डाग दिसले आणि सुरी किंचित अडखळत आत गेली, की ती झाली. टोमॅटो मात्र पोखरून, आतून मीठ लावून 15 मिनिटे पालथे ठेवावेत, म्हणजे पाणी निथळते. फार पिकलेला टोमॅटो एवढे करूनही फाटतोच. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असल्याने भांडे खालच्या खाचेत ठेवावे.