व्हॉइस-ओव्हर रटाळ वाटतोय? आधी वाक्यांचे शेवट बघ

नाशिक, रविवार

अरे राजा,

तुझी वारसा-फिल्मची स्क्रिप्ट वाचली आणि तू पाठवलेलं रेकॉर्डिंगपण ऐकलं. तू लिहिलंयस की आवाज देणारा मुलगा चांगला आहे पण ऐकताना झोप येते, त्याला मॉड्युलेशन वाढवायला सांगू का. नको सांगूस. त्याने ते आधीच करून बघितलंय, काळारामाच्या भागात नीट ऐक, तो मधेच एखादा शब्द उगाच वर उचलतो आणि परत खाली येतो, कारण तुझं वाक्य त्याला वर जायला काही कारणच देत नाहीये. दोष त्याच्या गळ्यात नाही, कागदावर आहे, आणि तो कागदावरच दुरुस्त होतो.

तोच उतारा घेऊ. तू लिहिलंयस:

"काळाराम मंदिर हे नाशिकच्या पंचवटी भागातील एक अत्यंत प्रसिद्ध मंदिर आहे. हे संपूर्ण मंदिर काळ्या पाषाणात बांधलेले असून ते पेशवेकाळातील आहे. या मंदिरात प्रवेश मिळावा यासाठी येथे मोठा सत्याग्रह झालेला आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झालेला आहे. त्या दिवशी मंदिराचे सर्व दरवाजे बंद करून ठेवण्यात आलेले होते."

आता प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिही आणि समासात शब्द मोज. ११, १०, १०, ११, १०. पाचही वाक्यं एकाच मापाची. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा गोल कर. आहे, आहे, आहे, आहे, होते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपताना आवाज आपोआप खाली बसतो, आणि दर दहा शब्दांनी तो त्याच 'आहे' वर बसायला लागला की ऐकणाऱ्याला पाढे म्हटल्यासारखं वाटतं. म्हणून मराठी स्क्रिप्टमध्ये नुसती लांबी बदलून भागत नाही, शेवटपण बदलावा लागतो, आणि माझं तर मत आहे की आधी शेवट बघावा, लांबी नंतर.

मी हा उतारा असा करेन:

"पंचवटीतलं काळाराम मंदिर. पेशवेकाळात उभं राहिलेलं, अख्खं काळ्या पाषाणाचं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दर्शनाचा हक्क मागत, हजारो माणसांची शिस्तबद्ध मिरवणूक शहरातून चालत या मंदिराच्या दरवाजापर्यंत आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक तशीच पुढे गोदावरीच्या घाटाकडे वळली, आणि तिथे सभा झाली."

मोज. ३, ६, २१, ३, १०. पहिल्या दोन वाक्यांना क्रियापदच नाही, कारण तेव्हा पडद्यावर मंदिर दिसतंय, 'हे मंदिर आहे' असं परत कशाला सांगायचं. मात्र अशी बिनक्रियापदाची वाक्यं सलग दोनच चालतात, तिसरं आलं की ते जाहिरातीसारखं वाजायला लागतं, तिथे थांब.

मग ते २१ शब्दांचं लांब वाक्य. लांब ठेवलंय कारण मिरवणूक चाललीये, आणि वाक्यही तिच्याबरोबर चालत दरवाजापर्यंत यायला हवं. तुझ्या मूळ उताऱ्यात मिरवणूक नव्हतीच बघ, नुसतं 'सत्याग्रह झालेला आहे' होतं, म्हणजे जे घडलं ते एका नामात बंद करून ठेवलं होतंस. ते उघडलं की लांबी आपोआप येते, ओढून-ताणून आणावी लागत नाही. त्यात दोन स्वल्पविराम दिलेत, 'नेतृत्वाखाली' नंतर आणि 'मागत' नंतर. त्या मुलाला श्वास घ्यायची जागा म्हणून ते आहेत, व्याकरणापुरते नाहीत. लांब वाक्यात श्वासाची जागा तू दिली नाहीस तर तो ती स्वतः शोधणार, आणि बहुतेक 'हजारो' आणि 'माणसांची' यांच्या मधेच तोडणार.

आणि मग 'दरवाजे बंद होते.' हे छोटं वाक्य लांबच्या मागून आलंय म्हणूनच लागतं. हेच तीन शब्द दुसऱ्या छोट्या वाक्यामागे टाक, काहीच वाटणार नाही. इथे 'होते' शेवटी आहे ते चालतंय, कारण सगळा जोर 'बंद' वर पडतो आणि आधीची वाक्यं वेगळीकडे संपलीयेत. छोट्या वाक्यात नेहमी बातमी असू दे, म्हणजे ऐकणाऱ्याला आधी माहीत नसलेलं काहीतरी. 'हे अद्भुत आहे.' असली छोटी वाक्यं नुसती ठिगळं असतात, ती टाकू नकोस. या तीन शब्दांनंतर कंसात 'थांब' लिही, एक सेकंद पुरे, आणि एडिट करणाऱ्यालापण सांगून ठेव, नाहीतर तो टाइमलाइन घट्ट करताना नेमकी तीच शांतता कापेल.

एक गोष्ट मोजताना लक्षात ठेव. वर मी सोयीसाठी कागदावरचे शब्द मोजले, पण खरं तर तोंडातले मोजायचे. '१९३०' कागदावर एक दिसतं पण बोलताना 'एकोणीसशे तीस' होतं, 'डॉ.' चं डॉक्टर होतं. म्हणून तारखा, आकडे असलेलं वाक्य दिसतं त्यापेक्षा जड निघतं, आणि एका वाक्यात दोन साल आली तर बिनधास्त तोड. तुझ्या त्याच भागात पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आहे, ती या उताऱ्याला चिकटवू नकोस, तिला स्वतःचं वाक्य दे, आणि तिथे तारीख शेवटी नेऊन बघ: "धर्म बदलण्याची घोषणा बाबासाहेबांनी केली ती याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी." क्रियापद आत गेलं आणि आवाज तारखेवर जाऊन थांबला. पण ही युक्ती पानात एखाद्या वेळीच वापर, सारखं क्रियापद मागे-पुढे केलं तर निवेदन नाटकातल्या स्वगतासारखं होतं आणि माणूस ऐकायचं सोडून भाषेकडे बघत बसतो.

दुरुस्ती झाली की नाही हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. फोनवर स्वतःच्या आवाजात, काही अभिनय न करता, सपाट वाचून रेकॉर्ड कर, मग आवाज इतका कमी कर की शब्द कळणार नाहीत, नुसती चाल ऐकू येईल. ती चाल तीन-चार वेळा तशीच्या तशी परत आली तर तिथे अजून काम आहे. ऑडासिटीमध्ये फाइल उघडलीस तर डोळ्यांनापण दिसेल, तुझ्या आत्ताच्या रेकॉर्डिंगमध्ये सारख्या रुंदीचे ठोकळे आणि मधे सारख्या फटी आहेत. सपाट वाचूनही चाल बदलत असेल तर स्क्रिप्ट तयार आहे, मग तो मुलगा काय करायचं ते करेल.

पांडवलेण्यांच्या भागात मात्र फार हात घालू नकोस. तिथे तू तीन नंबरच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखाबद्दल लिहिलंयस ते लांब-लांब आहे पण चांगलं वाहतंय, फक्त 'असून' तीनदा आलाय, त्यातला एक ठेव आणि बाकीच्या दोन ठिकाणी सरळ पूर्णविराम दे.

स्टुडिओ शुक्रवारचा आहे ना, मग काळारामाचा नवा उतारा तुझ्या सपाट आवाजात गुरुवारी रात्रीपर्यंत पाठव, मी ऐकून कुठे अडतंय ते मिनिट-सेकंदासकट लिहून पाठवतो.

तुझा,
दादा