रिटुक्सिमॅब पेशी स्वतः मारत नाही, मारून घेतं

"मामांना लिम्फोमासाठी केमोबरोबर रिटुक्सिमॅब सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, ही अँटिबॉडी आहे, केमोसारखं विष नाही. विष नाही तर कॅन्सरची पेशी मरते कशी? — देवगड"

मी रत्नागिरीत पॅथॉलॉजी शिकवतो. डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

अँटिबॉडी वाय आकाराची असते. तिचे दोन हात बी पेशीवरच्या, म्हणजे ज्या पांढऱ्या रक्तपेशींपासून असा लिम्फोमा होतो त्यांच्यावरच्या, सीडी२० या प्रथिनाला धरतात आणि शेपटी, म्हणजे एफसी भाग, बाहेर राहते. ही शेपटी ओळखणारे एफसी रिसेप्टर आपल्याच संरक्षक पेशींवर असतात.

त्यांतला मॅक्रोफेज शेपट्यांनी मढलेली पेशी धरून गिळतो. अशा खुणा चिकटून पेशी गिळायला सोपी होणं म्हणजे ऑप्सोनायझेशन. नॅचरल किलर पेशी गिळत नाही. तिच्यावरचा सीडी१६ रिसेप्टर शेपट्यांना जोडला गेला की ती कॅन्सरपेशीला बिलगते आणि मधल्या चिंचोळ्या फटीत परफोरिन व ग्रँझाइम सोडते. परफोरिन पडद्याला भोकं पाडतं, ग्रँझाइम आत शिरून पेशीला स्वतःचाच नाश करायला लावतं. अँटिबॉडीच्या खुणेवरून पेशीने पेशी मारणं, हीच एडीसीसी.

मग रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या एवढ्या अँटिबॉडींमुळे या पेशी सतत का भडकत नाहीत? कारण सीडी१६ची एका शेपटीवरची पकड कमकुवत असते. रापणीचा दोर एकट्याने ओढून जाळं हलत नाही, तसंच हे. एका पृष्ठभागावर पुष्कळ शेपट्या जवळजवळ आल्या आणि रिसेप्टर एकत्र गोळा झाले, तरच आत इशारा जातो.

शेपटीचं महत्त्व उंदरांवरच्या प्रयोगात स्पष्ट दिसलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, मारण्याचा इशारा देणारे एफसी रिसेप्टर नसलेल्या उंदरांत रिटुक्सिमॅबचा परिणाम बराच घटला. औषध तेच, सीडी२० तेच, फक्त शेपटी वाचणारं कुणी नव्हतं.

माणसांतही सीडी१६ सारखा नसतो. त्याच्या १५८व्या जागी काहींत व्हॅलिन, काहींत फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असतं. व्हॅलिनवाल्याची पकड घट्ट. नुसतं रिटुक्सिमॅब दिलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमाच्या रुग्णांत या जनुकाच्या दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असणाऱ्यांना जास्त गुण आलेला आढळला. केमोबरोबर दिल्यावर मात्र हा फरक सगळ्या अभ्यासांत दिसला नाही, म्हणून मामांसाठी ती तपासणी शोधत फिरू नका. सीडी२०लाच धरणाऱ्या ओबिनुटुझुमॅब या दुसऱ्या अँटिबॉडीत तर शेपटीवरच्या साखरेतला फ्यूकोज बराचसा काढून ही पकड मुद्दाम वाढवली आहे.

अडचणीही आहेत. मॅक्रोफेज कधीकधी पूर्ण पेशी न गिळता अँटिबॉडीसकट सीडी२० ओरबाडून नेतो. पेशी जिवंत राहते, पण आता तिच्यावर धरायला फारसं काही उरत नाही.

पहिल्या सलाइनच्या वेळी थंडी-ताप येऊ शकतो. कामाला लागलेल्या पेशी सायटोकाइन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडतात, म्हणून पहिला डोस हळू देतात. मामांना हुडहुडी भरली, धाप लागली किंवा अंगावर पित्त उठलं, तर सलाइन संपायची वाट न पाहता नर्सला लगेच सांगा. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हेही विचारून घ्या. निरोगी बी पेशींवरही सीडी२० असतं, त्याही मरतात, आणि यकृतात दबून राहिलेला हा विषाणू त्यामुळे पुन्हा उसळू शकतो.