दहा लिटर की चार?

प्रश्न: खोली 12 बाय 10, उंची 9 फूट. भिंतींचं स्केच आणि रंगाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो जोडलाय. भिंती गडद निळ्या आहेत, त्या क्रीम करायच्यात, छत पांढरंच. पेंटर म्हणतो, 10 लिटर रंग लागेल. दुकानात क्रीमचा 10 लिटरचा डबा 4,300 ला, 4 लिटरचा 1,800 ला आणि पांढरा 1 लिटर 350 ला आहे. पुट्टी, प्रायमर, रंग सगळं धरून पेंटर 15,000 मागतो, नुसती मजुरी 7,500. काय परवडेल?

उत्तर: फोटो मोठा करून पाहिला. ‘120–140 चौ. फूट प्रति लिटर’ याच्या खाली बारीक अक्षरांत ‘दोन कोट, गुळगुळीत पृष्ठभागावर’ असं छापलंय. म्हणजे रंगाचे दोन्ही हात त्या आकड्यात आधीच धरलेले आहेत.

तुमच्या स्केचवरून चारही भिंतींची लांबी 44 फूट होते. गुणिले 9, म्हणजे 396 चौ. फूट. त्यातून दाराचे 21 आणि खिडकीचे 20 वजा केले की उरतात 355. कंपनीचा वरचा आकडा गुळगुळीत भिंतीसाठीचा असतो, म्हणून मी खालचा 120 धरतो: भिंतींना साधारण 3 लिटर, छताच्या 120 चौ. फुटांना 1 लिटर. पेंटरने बहुधा या 4 लिटरची ‘दोन हात’ म्हणून दुप्पट केली आणि वर 2 लिटर हाताशी ठेवले. टेपने फूटभर चुकलात तरी फार तर 44 चौ. फुटांचा फरक पडेल. लेबल चुकीचं वाचलं तर रंग थेट दुप्पट.

क्रीमचा 4 लिटरचा डबा घ्या. 10 लिटरच्या डब्यात लिटरमागे 20 रुपये वाचतात खरे, पण 7 लिटर माळ्यावर जाऊन बसतील. 3 लिटर नेमके घ्यायलाही मी सांगणार नाही. निळ्यावर क्रीमचा तिसरा हात द्यावा लागला तर आणखी दीड लिटर जाईल, आणि मशीनवर नंतर मिसळलेली छटा तंतोतंत जुळेलच असं नाही. 4 लिटरमध्येही त्याला अर्धा लिटर कमी पडेल, पण प्रायमरने निळा नीट झाकला गेला तर तिसऱ्या हाताची वेळ सहसा येत नाही. पांढऱ्याची ही अडचण नाही. 1 लिटर आणा, कमी पडला तर आणखी एक.

रंगाचा खर्च झाला 2,150. पेंटरच्या दोन भावांतला फरक 7,500 आहे, म्हणजे पुट्टी, प्रायमर आणि पॉलिश पेपरपोटी तो 5,350 घेतोय. आधी भिंतीवरून तळहात फिरवा. भुकटी हाताला लागत नसेल आणि पोपडे नसतील, तर पूर्ण पुट्टी कशाला? भेगा भरून प्रायमरचा एक हात पुरतो. तेवढं सामान 3,500 च्या आत बसत असेल, तर मजुरीवर काम द्या. भुकटी लागली किंवा ओल दिसली, तर माझं 120 चं गणित विसरा: भिंत रंग पिते. ओल थांबवल्याशिवाय डबा उघडूच नका.