उचल मागायची, पण हप्ता किती सांगायचा?

«ताई, आईचं ऑपरेशन सांगितलंय. शेठकडे साठ हजार ॲडव्हान्स मागावा म्हणतो, पण तोंडच उघडत नाही. महिन्याला दहा हजार कापा म्हटलं तर देतील ना? नाही म्हणाले, तर उद्यापासून त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं?»

सुनील (नाव बदललं आहे) नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर. सहा वर्षांची नोकरी. माझ्यासमोर बसला तेव्हा हातातल्या हेल्मेटचा पट्टा सारखा उघडत-लावत होता. असे बरेच जण येतात. मागायची लाज वाटते, म्हणून फेडीचं वचन फुगवून सांगतात. दहा हजारांचा आकडा त्याच लाजेतून आला होता. त्याच्या घरखर्चाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी आधी विचारलं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? तो जाऊन आला होता. आईचे उपचार चालू होते ते रुग्णालय यादीत नव्हतं, आणि आई त्याच डॉक्टरांवर अडून बसली होती. मग मी रुग्णालयाचं अंदाजपत्रक मागितलं. पित्ताशयाचे खडे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, सगळं मिळून 75,000. त्याच्याकडे 20,000 होते, बहीण 10,000 देणार होती. म्हणजे कमी पडत होते 45,000.

"मग साठ कशाला?"

"वर काही लागलं तर..."

वरचे पंधरा हजार आधीच उचलून ठेवले की ते घरात टिकत नाहीत. शिवाय अंदाजपत्रकापेक्षा मोठा आकडा दिसला की देणाऱ्याच्या मनात शंका येतेच. मागणी 45,000 वर आणली.

मग हप्ता. "हातात किती पडतात?" या प्रश्नाला तो "सत्तावीस" म्हणाला. मी तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्या. सत्तावीस ओव्हरटाइम धरून होते. ओव्हरटाइम वगळला, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि कॅन्टीन कापलं, की 23,400. हप्ता ठरवायचा तो याच आकड्यावरून, कारण ऑर्डरी कमी झाल्या की पहिला जातो तो ओव्हरटाइम.

खर्च त्याने पाठकोऱ्या कागदावर लिहिला. घरभाडं 6,500, गाडीचा हप्ता 2,900, किराणा-दूध 5,500, गॅस-वीज 1,300, मुलीची शाळा आणि रिक्षा 1,800, आईची औषधं 700. बेरीज 18,700. उरले 4,700. त्यातून दहा हजार कापले असते तर पहिल्याच महिन्यात मोबाइलवरच्या कुठल्यातरी कर्जाच्या ॲपकडे हात गेला असता. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत, अशी कायद्याची मर्यादा आहे. पण ती कमाल मर्यादा आहे. सुनीलचं घर पगाराच्या पाव हिश्श्यालाच मोडलं असतं.

4,700 मधले 3,500 हप्त्याला, 1,200 अडीनडीला. गेल्या दिवाळीला बोनस 14,000 मिळाला होता, यंदाच्या बोनसमधले 10,000 एकरकमी देता येणार होते. राहिले 35,000, म्हणजे दहा हप्ते. ऑगस्टच्या पगारापासून सुरू केले तर मेमध्ये संपतात, शाळेची नवी फी भरायच्या आत. जुलै मोकळा सोडला, कारण आईजवळ थांबण्यासाठी तेव्हा त्याच्या रजा पडणार होत्या.

अर्ज त्याने माझ्यासमोरच लिहिला. पहिल्या खर्ड्यात अर्धं पान घरची परिस्थिती होती. ती खोडायला लावली. शेवटी राहिला तो एवढाच:

«आईच्या शस्त्रक्रियेसाठी रुपये 45,000 पगारातून उचल मिळावी, ही विनंती. रुग्णालयाचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. ऑगस्ट ते मे दरमहा रुपये 3,500 पगारातून कापावेत आणि दिवाळी बोनसमधून रुपये 10,000 वळते करावेत. एखाद्या महिन्यात अडचण आल्यास 20 तारखेच्या आत लेखी कळवीन, तो हप्ता शेवटी जोडावा. मी नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम माझ्या अंतिम हिशेबातून वळती करण्यास माझी संमती आहे.»

शेवटच्या वाक्यावर तो थबकला. "हे आपण होऊन कशाला लिहायचं?" शेठच्या मनात हीच भीती असते. माणूस पैसे घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला तर? त्यांनी विचारायच्या आत उत्तर कागदावर असलं की बोलणं अर्ध्यावर येतं. त्याच वेळी हेही बजावलं की कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली तर नम्रपणे नाही म्हणायचं आणि याच वाक्याकडे बोट दाखवायचं.

कधी मागायचं, हेही बोललो. पगाराच्या तारखेला नको, कारण त्या दिवशी मालकाकडे रोख अडकलेली असते. आणि शॉपफ्लोअरवर चारचौघांत तर मुळीच नको. सुपरवायझरला आधी सांगून, जेवणाच्या सुट्टीनंतर केबिनमध्ये. नाही म्हणाले, तर तिथेच विचारायचं, "मग किती जमेल?" हा प्रश्न आम्ही दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला. पहिल्यांदा त्याचा आवाजच निघेना. दोनदा म्हटल्यावर पट्ट्याचा चाळा थांबला.

शेठ सरळ नाही म्हणाले नाहीत, पण सगळी रक्कमही हातात दिली नाही. 30,000 चा चेक लगेच, उरलेले घरी सोडायच्या दिवशी बिल बघून. सुनीलला वाईट वाटलं, "विश्वास नाही" म्हणाला. मला ती अट रास्त वाटली, आणि पुढे ती त्याच्याच पथ्यावर पडली. बिल झालं 71,200, त्यामुळे दुसऱ्या खेपेला त्याने 11,000 च घेतले. उचल 41,000 वर थांबली. हप्ते नऊ झाले, शेवटचा 3,000 चा.

जानेवारीत काम मंदावलं आणि चार दिवस बिनपगारी गेले. 18 तारखेला त्याने एका ओळीची चिठ्ठी दिली, हप्ता पुढे गेला. ती अट अर्जात नसती तर तो गप्प बसला असता आणि कुणाकडून तरी हातउसने घेतले असते, हे त्याने स्वतःच सांगितलं.

फेब्रुवारीचा पगार झाल्यावर मात्र त्याचा घाबरा फोन आला. "ताई, शंभर रुपये जास्त कापलेत. व्याज लावलं वाटतं!" पावतीचा फोटो मागवला. उचलीच्या ओळीत 3,500 च होते. व्यवसाय कराच्या ओळीत 200 ऐवजी 300 होते. महाराष्ट्रात हा कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असा कापतात, वर्षाचे 2,500 व्हावेत म्हणून. सहा वर्षं तो दर फेब्रुवारीला हे भरत आला होता, पावती नीट वाचली होती ती मात्र पहिल्यांदाच.

पावतीवर उचलीची वेगळी ओळ हवी, हा आग्रह त्याचाच होता. पूर्वी गणपतीत तोंडी घेतलेल्या पाच हजारांचे हप्ते पाचऐवजी सहा कापले गेले होते, आणि कागद नसल्याने भांडता आलं नव्हतं. म्हणून मेचा शेवटचा हप्ता कापल्यावर तो अकाउंटंटकडे गेला आणि अर्जाच्या प्रतीवर "बाकी शून्य" लिहून, तारीख घालून सही घेऊन आला.