कारण : अशक्तपणा

“ताई, आमचे हे अकरा दिवस मानसोपचाराच्या वॉर्डात होते. मेडिक्लेमच्या पत्रात आजाराचं नाव लिहायलाच हवं का? लिहिलं तर पैसेही जातील आणि चार लोकांत बोभाटाही होईल.”

नाव लिहायलाच हवं, कारण पैसे त्या नावामुळेच मिळतात. इंदूरला रामबाग-सुदामानगरकडच्या घरांतून हा प्रश्न मी सतत ऐकते.

ही बाई आली तेव्हा एक अर्ज नामंजूर होऊन आला होता. तिने फॉर्मवर दाखल होण्याचं कारण ‘अशक्तपणा, झोप न येणे’ असं लिहिलं होतं. डिस्चार्ज कार्डावर मात्र तीव्र नैराश्य होतं, शेजारी आजाराचा कोड F32.2. दोन्ही कागद जुळेनात, म्हणून कंपनीने उत्तर दिलं : दाखल करण्याची गरज दिसत नाही.

“अशक्तपणा कोणाचा शब्द?” मी विचारलं.

“सासूबाईंचा. आमच्याकडे वेडाचं कोणी नाही, म्हणाल्या.”

मी पॉलिसीची पुस्तिका उघडायला सांगितली. व्याख्यांच्या पानावर मानसिक आजाराचा अर्थ होता, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातला : विचार, मनःस्थिती, आकलन किंवा स्मृतीचा असा विकार, ज्यामुळे रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवणंही अवघड होतं. तिने बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. “तीन आठवडे दाढी नाही, ताटावरून उठून जायचे. मी आळशी म्हणत होते हो यांना.” मग ती बराच वेळ रडली. मी पत्राचा विषय बाजूला ठेवला. आजाराला त्याचं नाव मिळालं की माणूस आणि आजार वेगळे दिसू लागतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या दिवशी ते काम विम्याच्या पुस्तिकेने केलं.

पुढच्या खेपेला तिने हिंदीत पत्र लिहिलं. आधी निदान, कार्डावर होतं तसंच, कोडसकट. मग पुस्तिकेतल्या त्या कलमाचा क्रमांक आणि शब्द, आणि कायद्याचं कलम 21(4) : मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच आधारावर विमा द्यायचा. शेवटी दाखल करण्याची गरज. अन्न सुटलं होतं, मरणाचे विचार होते, औषधं देखरेखीखाली बदलायची होती. हे डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीत हवं, कारण अशा दाव्यात वाद बहुधा इथेच होतो. पहिल्या फॉर्मवरची चूकही तिने सरळ कबूल केली. मी तेवढा एकच आग्रह धरला होता.

दावा मंजूर झाला. हातमोजे वगैरेचे पैसे कापले गेले. तपासणी-फी आणि माझ्याकडच्या समुपदेशनाच्या बैठका त्यात बसल्या नाहीत. बहुतेक पॉलिसी दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरत्याच असतात. पुन्हा नकार आला असता, किंवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने महिनाभर उत्तर दिलं नसतं, तर भोपाळला विमा लोकपालाकडे जायचं आम्ही ठरवलं होतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

पत्राची प्रत तिने नवऱ्याला वाचायला दिली. त्याने ‘अशक्तपणा’ खोडलेला जुना फॉर्म मागून घेतला आणि फाडला.